कलिंगात न कोरलेला लेख

आटपाडीच्या पुढे, गायरानावरच्या शाळेसमोर काळा दगड बसला, तेव्हा मानसिंग सरांच्या निवृत्तीला महिना उरला होता. सर इतिहासाचे. अशोकाचे लेख त्यांनी सोप्या मराठीत लिहून दिले आणि विट्याच्या इमाम पाथरवटानं ते कोरले. रस्त्याकडेला झाडं लावली, विहिरी खोदल्या, माणसांसाठी आणि जनावरांसाठीही औषधी वनस्पती लावल्या, दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये. गावानं सरांना डोक्यावर घेतलं.

फक्त तेरावा लेख त्यात नव्हता. तेराव्यात राजा कबूल करतो की कलिंग जिंकताना दीड लाख माणसं हाकलून नेली, एक लाख मारली गेली, मागाहून मेली ती त्याच्या कितीतरी पट, आणि त्याचं मला दुःख आहे.

"ह्यो का गाळला, सर?" इमामनं विचारलं.

"अरे, खुद्द कलिंगातल्या खडकांवरही तो नाही. तिथं त्याच्या जागी अंमलदारांना हुकूम आहेत. सगळी माणसं माझी लेकरं, विनाकारण कुणाला डांबू नका, छळू नका."

"म्हंजी ज्यांची माणसं मेली, त्यास्नीच सांगितलं न्हाई?"

सरांनी चहा मागवला. चोराच्या मनात चांदणं.

बावीस वर्षांपूर्वी या गायरानावर भटक्यांची पालं होती. गावाला शाळेसाठी जागा हवी होती, आणि पालं पेटवली त्या दुपारी रॉकेलचा डबा पुढं नेणारा तरुण मास्तर म्हणजे मानसिंगच. तीन माणसं जळाली. साक्षीदार मिळाला नाही. पुढं शाळा झाली, सर हेडमास्तर झाले, आणि पालांतून वाचलेल्या बनुबाईला त्यांनीच शाळेत खिचडी शिजवायला लावलं. गाव म्हणालं, केवढं मन! सर रोज तिच्या हातची खिचडी चाखून बघत आणि रोज त्यांना स्वतःची लाज वाटे. राजानंही दवाखाने काढले, पण कलिंग काही परत दिलं नाही.

वर्गात लावायला ठसे हवे होते. सरांनी दगड ब्रशनं धुतला, ओला कागद चिकटवला, राठ केसांच्या ब्रशनं तो अक्षरांत बसेपर्यंत ठोकला. कागद जरा सुकल्यावर शाईची पुरचुंडी हलक्या हातानं फिरवली. अशा ठशात दगडाचा सपाट भाग काळा होतो आणि कोरलेलं तेवढं पांढरं राहतं. जे कोरलेलं नाही ते येतच नाही.

शेवटच्या ओळीखाली आणखी एक ओळ पांढरी उठली होती.

हाकललेले एकवीस. मेलेले तीन.

सरांनी कागद उचलून खालून बोटं फिरवली. दगड गुळगुळीत होता. त्यांनी इमामला फोन लावला.

"तुमी दिल्याबिगर टाकीचा एक घावबी मारला न्हाई, सर. का वं?"

दुसरा ठसा घेतला. तिसरा घेतला. ओळ तीच. सरांनी तिन्ही कागद खिचडीच्या चुलीत घातले आणि चौथा लावून त्यावर शाई फिरवली. कुणी पाहिलं तर पेन्शन जाईल, पोलीस येतील, मुलाच्या तोंडाला काळं लागेल, हे सगळं त्यांना कळत होतं. त्याहून वाईट गोष्ट ही, की ओळ वाचताना त्यांना हलकं वाटलं होतं.

रविवार होता, पुष्य नक्षत्राचा. कलिंगातला हुकूम याच नक्षत्रावर मोठ्यानं वाचायचा असे. ऐकायला एकच माणूस असला तरी वाचावा, असं त्यातच लिहिलंय. शाळेत एकच माणूस होतं. बनुबाई शनिवारची पातेली घासत होती.

"बनुबाई, जरा इकडं या."

ती पदराला हात पुसत आली. सरांनी दगडाला चिकटलेल्या ओल्या कागदावरून वाचायला सुरुवात केली. झाडं, विहिरी, औषधी.

"हाकललेले एकवीस. मेलेले तीन." ते थांबले. पुढचं कागदावर नव्हतं. "रॉकेल मी नेलं होतं."

बनुबाईनं आधी कागदाकडं, मग सरांकडं पाहिलं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्या दिवशीच बगितलं हुतं तुमाला."

"मग बावीस वर्षं..."

"कुनाला सांगनार? तुमीच हेडमास्तर."

सरांनी मान खाली घातली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"पर मास्तर, तीन न्हाईत," ती शांतपणे म्हणाली. "मला सातवा म्हैना हुता. त्यो धुरातच गेला."

ती पुढं झाली. तिला अक्षरओळख नव्हती. तिनं ओल्या कागदावर नेमकं त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"ह्यात त्यो धरलाय का?"

सरांनी पाहिलं. शाईची पुरचुंडी अजून त्यांच्याच हातात होती.

तिच्या बोटाखाली चार होते.