हेमावहिनींची मेणाची डबी

मंदे, ती समई जरा इकडं सरकव. तांदूळ निवडायला दिसत नाहीत नीट. वीज गेलीय ती काही इतक्यात यायची नाही, आणि बाहेर मांडवात सगळ्यांचा नुसता कालवा चाललाय. उद्या गौरीहरापुढं बसशील तेव्हा हेच तांदूळ चिमटीचिमटीनं वाहायचेत. खडा निघाला तर जन्मभर मला बोल लावशील.

तू अशी भिंतीकडं तोंड करून का बसलीस? रुसलीस? बरं, रूस. दुपारी तुझ्या सासरचं हळदीचं ताट आलं, त्याच्याबरोबर काय काय आलं ते मी पाहिलंय. आई काय म्हणाली तेही ऐकलंय. "हनुवटीवरचा तेवढा भाजल्याचा डाग झाकला की आमची मंदाकिनी लक्ष्मी दिसेल." दहा वर्षांपूर्वी अगदी हेच म्हणाली होती, याच खोलीत. तेव्हा डागाच्या जागी माझ्या गालांवरचे देवीचे वण होते, एवढंच.

तुझ्या ह्या ताईचं, माझं, लग्न बोहल्यावर मोडलं हे तुला ठाण्यातली कुत्रीमांजरंसुद्धा सांगतील. का मोडलं ते कुणी सांगणार नाही. तू तेव्हा एवढीशी, आईनं तुला शेजारी ठमाबाईंकडं पाठवून दिलेलं. तर आता ऐक. तांदूळ निवडता निवडता ऐक.

गुरुदत्त मला बघायला आले ना, तेव्हा बाबांनी खुर्ची मुद्दाम अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेली. मी ती उचलली आणि खिडकीशी नेऊन बसले. म्हटलं, काय बघायचंय ते उजेडात बघा. बाबांचा चेहरा पडला. गुरुदत्तांनी मात्र सरळ विचारलं, "देवी कधी आल्या होत्या?" मी सांगितलं, सातव्या वर्षी. ते म्हणाले, "मला चेहरा आहे तसा चालेल." अगं, त्या एका वाक्यावर मी भाळले! त्यांचं कल्याणचं घर, आपल्या भावाला, मोहन्याला, ते लावून देणार होते ती नोकरी, कशाकशाचं मला काही नव्हतं. हा माणूस खोटं बोलत नाही, एवढंच मनात धरून बसले.

आणि आईकडून वचन घेतलं. तोंडाला कुणी हात लावणार नाही. तिनं देवापुढं माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "नाही लावणार गं बाई."

तरी महिनाभर चाललंच होतं. उन्हात जाऊ नकोस, चहा पिऊ नकोस, काळी पडशील. साय चोळ, लिंबू चोळ. लिंबानं गाल असे चरचरायचे की रात्री उशीला टेकवत नव्हते. शेजारणी यायच्या, हनुवटी धरून माझं तोंड दिव्याकडं वळवायच्या आणि बाजारात वांगं बघावं तसं बघून म्हणायच्या, "नाकीडोळी नीटस आहे हो, तेवढं एक सोडलं तर." त्यावर आई ओशाळं हसायची. मला तिच्या त्या हसण्याचाच राग यायचा.

लग्न गोरज मुहूर्ताचं. दुपार कलली आणि मला पिवळी साडी नेसवून इथंच, या खोलीत बसवलं. तेव्हा दार उघडून गुरुदत्तांच्या थोरल्या बहीण आल्या, विमलाबाई. हातात चंदनी डबी, कुयरीच्या आकाराची. आत मेण.

"आमच्या हेमावहिनींची," त्या म्हणाल्या. हेमावहिनी म्हणजे गुरुदत्तांच्या थोरल्या भावाची बायको. दोन वर्षांपूर्वी वारलेली. "सवाष्ण गेली, भाग्याची. तिलाही तुझ्यासारखेच वण होते. पण लग्नात बघायला हवं होतंस! संगमरवर नुसता!"

मी आईकडं पाहिलं. आई खाली बघत होती. मी म्हटलं, "आई, तू शब्द दिलायस."

आई म्हणाली, "शुभे, एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

मी उठायला गेले तर माझी हनुवटी धरली ती आईनं. विमलाबाईंनी नाही, आईनं! मंदे, ते मी अजून विसरले नाही, आणि विसरणारही नाही.

मेण खोबरेल तेलात मऊ केलेलं होतं. विमलाबाई एकेक वण बोटानं भरायच्या, मग कंगव्याच्या पाठीनं वरचं खरवडून सपाट करायच्या. वर गुलाबपाणी, वर पावडर, परत मेण. हात इतका सराईत की मला वाटलं, ह्या बाईनं हे किती वेळा केलं असेल? करता करता सूचना. हसायचं नाही, तडा जातो. गरम काही प्यायचं नाही. रडू आलं तर मान खाली, म्हणजे पाणी गालावर न येता सरळ खाली पडतं. होमापाशी तोंड जरा मागं घ्यायचं. मांडवातली गॅसबत्ती माझ्या पाठीमागं टांगायला सांगितली होती, म्हणजे तोंडावर सावली राहील. फोटोवाल्यालाही बजावून झालं होतं. सगळी तयारी झालेली, मलाच तेवढा पत्ता नव्हता.

मग मला गौरीहरापुढं एकटीला बसवून सगळ्या बाहेर गेल्या.

बाहेर सनई चालली होती. समई हीच, तू सरकवलीस ती. मी तांदूळ वाहत होते आणि गाल माझे नव्हते. माशी बसली तरी कळेना. खाडीचा खारट वारा नेहमी येतो ना इथं, तो थांबला. त्याच्या जागी वास आला मेणाचा आणि भिजवलेल्या राखेचा. चूल विझवल्यावर येतो तसा.

माझ्या शेजारी कुणीतरी बसलं होतं.

पिवळीच साडी, मुंडावळ्या. मला वाटलं कुणी करवली असेल. मान वळवून बघते तर तो चेहरा... काय सांगू? नाक होतं, डोळे होते, पण सगळं सपाट, लिंपलेलं. गुळगुळीत. तिनं आपलं बोट स्वतःच्या गालाला लावलं. बोट आत गेलं. काढलं तर तिथं खळगा तसाच राहिला.

"हसू नकोस..." ती म्हणाली. आवाज अगदी बारीक, दात न उघडता काढलेला. "फुटेल..."

मी पाटावरच मागं सरकले.

"मलाही म्हणाले होते... एकच दिवस... मग मांडवपरतणीला म्हणाले, आज तेवढं. मग संक्रांतीला. मग रोज... नवऱ्यानं माझं तोंड कधी पाहिलंच नाही गं..." "तिरडीवरही भरलं... विमलाताईंनीच. याच डबीतलं..."

मग माझ्याकडं झुकून म्हणाली, "तो एक दिवस... अजून संपला नाही."

मी किंचाळले नाही. का कोण जाणे, मला तिची भीती वाटण्याआधी दया आली आणि दयेच्या मागोमाग असा संताप आला की काय सांगू! पाण्यानं मेण जात नाही, ते तेलानं जातं. समईतलं कोमट तेल ओंजळीत घेतलं आणि तोंडाला फासलं. पदर घेऊन खसाखसा पुसलं. परत तेल, परत पुसलं. एकेक वण मोकळा होत गेला तसा वारा लागायला लागला. माझा, मला लागणारा वारा! वळून बघितलं तर शेजारी पाट रिकामा, आणि पाटावर वितळून थिजल्यासारखा मेणाचा ओघळ.

विश्राममामा न्यायला आला. माझं तोंड बघून थबकला. "शुभे, हे काय?" मी म्हटलं, "माझं तोंड आहे, मामा. चल." भला माणूस, हात धरला त्यानं.

अंतरपाटाच्या अलीकडं मी हार घेऊन उभी. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला. गुरुदत्तांनी माझ्याकडं पाहिलं आणि लगेच पाहिलं ते विमलाबाईंकडं. प्रश्न विचारल्यासारखं.

मला तिथंच कळलं. तरी विचारलं, हळूच, त्यांना एकट्याला ऐकू जाईल असं. "डबी तुम्ही पाठवलीत?"

आपल्याला वाटतं ना, नाही म्हणेल, निदान खोटं तरी बोलेल. त्यांनी मान खाली घातली आणि पुटपुटले, "शुभदा, चारचौघांत... एक दिवसाचा तर प्रश्न होता."

मी हार ताटात ठेवला. बोहल्यावरून उतरले आणि चालत या खोलीत येऊन बसले. पुढचं तुला माहीत आहे. बाबा वर्षभर बोलले नाहीत, मी डोंबिवलीच्या शाळेत लागले. पस्तावले का? एकदाही नाही. पण खिडकीतलं ते वाक्य खरं असतं तर किती बरं झालं असतं, असं अजून वाटतं गं. रडू येतं मला. आलं तर येऊ दे, माझ्या गालांना आता काही होत नाही.

म्हणून सांगते. उद्या त्या बायका डब्यावाट्या घेऊन आल्या की पाटावर बसूच नकोस. आपण बसलो की त्यांचे हात चालायला लागतात. डाग का झाकायचा नाही यावर वाद घालू नकोस, वादात त्या आपल्याला लोळवतात. "हात लावू नका" एवढंच म्हणायचं, परत परत तेवढंच. मी दाराशी उभी असेन. तेलाची वाटी आणि फडकं घेऊन उभी असेन. आणि तुझ्या नवऱ्याला उद्या सकाळी, उन्हात, सगळ्यांच्या आधी तोंड दाखव. आत्ताच कळू दे काय ते.

ती डबी मी तेव्हा परत दिली नाही. दहा वर्षं ट्रंकेत आहे, किल्ली माझ्या गळ्यात. उद्या खाडीत टाकायची म्हणून आज बरोबर आणली. दुपारी उघडली तर मेणात दोन बोटांनी खरवडल्याची खूण, ताजी. माझी बोटं घालून पाहिली. बसली नाहीत.

मंदे? केव्हापासून एकटीच बडबडतेय मी. वांग्याचं सांगितलं तेव्हाही तू हसली नाहीस. एरवी खिदळून घर डोक्यावर घेतेस. इकडं बघ. बघ म्हणते ना!

अगं... डाग कुठाय तुझा? कुणी लावलं हे? आईनं? बोल की!

काय म्हणालीस? परत म्हण. एक दिवसाचा... मंदे, दात उघडून बोल. असा आवाज नको काढूस.

थांब, हलू नकोस. समईतलं तेल कोमट आहे, लागणार नाही. हे बघ, निघतंय. निघालं बघ फडक्यावर. आता डाग दिसेल... आणखी थोडं. एवढं जाड कुणी लावलं गं? पुसतेय, पुसतेच आहे, अख्खं फडकं भरलं...

मंदे, ह्याच्या खाली तू कुठं आहेस?