एक बूट काढून

आमच्या दुकानात नवरी पूर्ण पोशाखात आरशासमोर उभी राहिली, की तिने एक बूट काढून ठेवायचा. हा नियम एडीमावशीचा, दुकान आधी तिचं होतं. तिचा दुसरा नियम असा, की झग्याच्या खालच्या दुमडीतला शेवटचा टाका लग्नाच्या दिवशी सकाळीच घालायचा. लग्नाआधी नवरीने स्वतःला पूर्ण पाहू नये, कुठेतरी काहीतरी कमी ठेवावं, असं ती म्हणायची. पूर्ण पाहिलं तर काय होतं, हे तिने सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. टाका मी राखून ठेवते तो एवढ्यासाठी, की त्या निमित्ताने लग्नाच्या सकाळी झगा शेवटचा तपासता येतो. शेवटच्या आठवड्यात मुली एकतर जेवत नाहीत, नाहीतर रडून सुजतात. बुटाचं म्हणाल, तर एका पायावर लंगडणारी नवरी हसते, आणि हसली की तिचे खांदे खाली येतात. मग माप बरोबर मिळतं.

दुकान इंग्लंडमधल्या इल्केस्टन गावात आहे, लेसच्या एका जुन्या गिरणीच्या तळमजल्यावर. समोर मासे-बटाटे तळणारा आहे, त्यामुळे दुपारनंतर मी खिडक्या घट्ट लावून घेते. रेशमाला तेलाचा वास पटकन लागतो. तीन पाखांचा, म्हणजे तीन काचांचा आरसा गिरणीच्या शोरूममधलाच, मावशीने लिलावात घेतलेला. त्याच्यासमोर एक बुटका चौथरा आहे.

लीअ‍ॅन बिअर्डस्ली फेब्रुवारीत आली ती तिच्या आईबरोबर, डनीसबरोबर. लग्न जूनमध्ये होतं. लीअ‍ॅन गावातल्याच शाळेत अगदी लहान मुलांना शिकवते. भरल्या अंगाची, मोठ्याने हसणारी मुलगी. डाव्या कानाखालून खांद्यापर्यंत उतरलेली गर्द लाल जन्मखूण. वर्गातली पोरं तिला 'जॅम' म्हणतात.

"मिस, आज तुमचा जॅम जास्त लाल आहे, असं सांगतात मला," ती हसत म्हणाली. "म्हणजे मी चिडलेय, हे त्यांना माझ्याआधी कळतं."

"तो जॅम त्या दिवशी दिसणार नाहीये," डनीस म्हणाली. "मेकअपवालीशी बोललेय मी. फवाऱ्याने मारतात हल्ली. घाम आला तरी हलत नाही."

झगा दोन मापं लहान मागवला होता. मुद्दाम. तो डोळ्यांसमोर लटकत राहिला की मुलगी आपोआप बारीक होते, हा हिशोब मी शेकडो आयांकडून ऐकलाय. मी माझं नेहमीचं सांगितलं. मोठा झगा आत घेणं सोपं, पण लहान झगा वाढवायचा तर शिवणीत जेवढं कापड सोडलंय तेवढंच हातात येतं, आणि ते बहुतेकदा बोटभरही नसतं. माप आजच्या अंगाचं घ्यावं.

"आजच्या अंगाने कोण लग्न करतंय?" डनीस म्हणाली.

ती वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकते. तिच्या स्वतःच्या लग्नाचा फोटो जिन्याखालच्या कपाटात आहे, असं लीअ‍ॅनने मला नंतर सांगितलं. तिच्या सासूने तो पाहून "केकच जास्त सुंदर दिसतोय" असं सगळ्यांसमोर म्हटलं होतं. डनीसने तो फोटो पुन्हा कधी भिंतीवर लावला नाही. आपल्या मुलीला असं कुणी म्हणू नये, एवढंच तिला हवं होतं.

मार्चमध्ये लीअ‍ॅनचे हात गार होते. एप्रिलमध्ये ती चौथऱ्यावर चढताना माझ्या खांद्याला धरून थांबली, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून. तिच्या मैत्रिणींचा फोनवर एक गट होता. तिथे रोज कुणीतरी फोटो टाकायचं: असे दात, अशा पापण्या, असे दंड. तिने स्वतःचा फोटो टाकला, तर एकीने तो फोनवरच गुळगुळीत करून परत पाठवला. जॅम नाही, हनुवटीखालची गोलाई नाही. खाली लिहिलं होतं, "बघ, किती थोडंसं उरलंय!"

मी शिवणी आत घेतल्या. माझं कामच ते.

मग मेच्या सुरुवातीला डनीसने पूर्ण तालीम ठरवली. मेकअपवाली आली, केस झाले, नकली पापण्या लागल्या, आणि मानेवर फवाऱ्याने थरावर थर बसले. जॅम दिसेनासा झाला. ओढणी, हातमोजे, दोन्ही बूट.

"एक बूट काढ, बदका," मी म्हटलं. आमच्याकडे लाडाने सगळ्यांनाच बदक म्हणतात.

"काहीतरीच काय, हिलरी!" डनीस फोन सरसावत म्हणाली. "मला पायापर्यंत व्हिडिओ हवाय. एकही गोष्ट कमी नको."

मी सुईत ओवलेला दोरा पाहिला. दुमडीतला टाका राहिला होता, तेवढं पुरे, असं मनाशी म्हटलं. पण लीअ‍ॅनने पाऊल टाकलं तेव्हा तिथे मोकळं काही दिसलं नाही. दुमड पूर्ण शिवलेली होती. मी तो टाका घातला नव्हता.

ती आरशासमोर वळली.

सुंदर दिसत होती. हे नाकारता येणार नाही. डनीस रडायलाच लागली. मी मात्र शिवणकाम करणारी बाई, मी चेहरा बघत नाही, कापड बघते. झगा घट्ट होता. माझ्या शेजारी लीअ‍ॅनची छाती भराभर वरखाली होत होती, झग्यात आतून शिवलेल्या काड्यांवरचं रेशीम दर श्वासाला ताणलं जात होतं. आरशातलं रेशीम हलत नव्हतं.

मी चष्मा पुसला. काचा घाण होत्या, असंच मी तेव्हा धरलं.

मेकअप उतरवायला कापसाचे बरेच बोळे लागले. शेवटच्या बोळ्यानंतर मान कोरी होती. डनीसने बोट फिरवून पाहिलं. "बघ, निदान रंग तरी फिका झाला," ती म्हणाली, पण बोट तिने लगेच मागे घेतलं.

पुढच्या वेळी झगा सैल झाला होता. मी आत घेतला. चार दिवसांनी पुन्हा सैल. माझी मापं चुकत नाहीत, तरी मी टेप बदलून पाहिली. आरशात मात्र तो दर वेळी नेमका बसलेला दिसायचा. लीअ‍ॅन एकटक तिकडेच बघत राहायची.

"तिला भूक लागत नाही," ती एकदा हळूच म्हणाली.

"कुणाला गं?"

तिने कानाखाली हात फिरवला. म्हणाली, "काल वर्गात फ्लॉरा माझ्याजवळ येईना. बाकीच्यांना सांगत होती, ही आपली मिस नाही. आपल्या मिसला जॅम आहे."

तेव्हा मला राग आला. आरशाचा आला, डनीसचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या हातातल्या टाचण्यांचा आला. मी लीअ‍ॅनला झग्यासकट खुर्चीत बसवलं, आरशाकडे पाठ करून. समोरून बटाटे आणि मासा मागवला. व्हिनेगरचा वास दुकानभर पसरला. रेशमाचं काय व्हायचं ते होवो.

"खा," मी म्हटलं. "ज्या झग्यात बसून खाता येत नाही, तो झगा चुकलाय. अंग चुकलेलं नाही."

ती आधी एकच बटाटा हातात धरून बसली. मग खायला लागली. मी तिच्या मागे बसून पाठीची चेन उसवली. तिच्या जागी दोन्ही कडांना कापडाची बिरडी लावायची, मध्ये नाडी ओवायची, आणि आत एक पट्टी. मग झगा अंगाप्रमाणे सैल होतो, घट्ट होतो. अंगाने झग्याच्या मागे धावायचं कारण उरत नाही. हे सांगता सांगता बाकीचंही सांगितलं. तो फोनवरचा गट लग्नापर्यंत बंद करून टाक. फोटोवाल्याला आत्ताच कळव, चेहऱ्याला आणि मानेला हात लावायचा नाही. पुढच्या फिटिंगला जिच्यासमोर मोकळेपणाने पोट सोडून उभी राहतेस, तिलाच घेऊन ये. आणि आईला एकच वाक्य सांग. कारणं देऊ नकोस, कारण दिलं की त्यावर वाद होतो. तेच वाक्य पुन्हा सांग.

"कुठलं वाक्य?"

"ते तुझं तू शोध."

दार वाजलं. डनीस आत आली. तिने तेलकट कागद पाहिला, उसवलेली पाठ पाहिली.

"लीअ‍ॅन! अगं, इतकी जवळ आल्यावर?"

"आई, माझ्या अंगाबद्दल आता बोलायचं नाही."

"मी तुझ्याच भल्यासाठी—"

"आई, माझ्या अंगाबद्दल आता बोलायचं नाही."

आवाज थरथरत होता, पण तेच वाक्य तिने तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो थरथरला नाही. डनीस खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. लीअ‍ॅनने वाकून डावा बूट काढला, हातात घेतला आणि चौथऱ्यावर चढली.

मी डनीसच्या बाजूला सरकले.

लीअ‍ॅनच्या हातात बूट होता.

आरशात तिचे दोन्ही हात रिकामे होते. दोन्ही पायांत बूट होते. झग्याची पाठ घट्ट बंद, मान कोरी, ओठ मिटलेले.

समोरच्या दुकानात तेल चरचरत होतं.

"ही कोण?" डनीसने विचारलं.

मग ती चौथऱ्यावर चढली, मुलीच्या पुढे उभी राहिली, आरशाकडे पाठ करून. लीअ‍ॅनचा चेहरा तिने दोन्ही हातांत धरला.

"जॅम कुठाय?" ती म्हणाली. "लीअ‍ॅन, तुझा जॅम कुठाय गं? तू झालीस तेव्हा नर्सने तुला माझ्या हातात दिलं ना, तर मी सगळ्यात आधी तिथेच पापा घेतला होता. मी कशी गं विसरले?"

ती तिथेच, कानाखाली, ओठ टेकवून रडत राहिली. लीअ‍ॅनही रडत होती, आणि रडताना नाकाने मोठमोठे श्वास घेत होती. डनीस बाजूला झाली तेव्हा त्या जागी थोडी लाली होती. रडण्याची असेल, असं मला वाटलं. पण ती खाली उतरत उतरत खांद्यापर्यंत आली आणि तिथे थांबली.

मी आरशावर चादर टाकली. चादरीच्या आत मी पाहिलं नाही.

लग्नाच्या सकाळी मी बिअर्डस्लींच्या घरी गेले. दुमडीतला टाका मी आदल्या दिवशी स्वतः उसवला होता. सुई काढली, तर लीअ‍ॅन म्हणाली, "राहू दे ना तो तसाच." तिने माझ्यासमोर बेकनचा पाव खाल्ला. चर्चमध्ये उघड्या मानेने, उन्हात तापलेल्या लालबुंद जॅमसकट ती चालत आली. फ्लॉराने मागून मोठ्याने सांगितलं, "तीच आहे! आपलीच मिस आहे!" सगळं चर्च हसलं. सगळ्यात जोरात डनीस हसली. जिन्याखालचा तो फोटो तिने आता दिवाणखान्यात लावलाय.

सोमवारी मी आरसा पुसायला चादर काढली. आरशात मी होते, रिकामा चौथरा होता, खिडकी होती. मला हायसं वाटलं. मधल्या पाखावर, माझ्या चेहऱ्याच्या किंचित वर, वाफेचा एक छोटा डाग होता.

मी फडका फिरवला. डाग गेला नाही. नखाने खरवडून पाहिलं. काच माझ्या बाजूने कोरडी होती.

डाग लहान झाला. मोठा झाला. पुन्हा लहान झाला, भराभर, फार घट्ट कपडे घातलेल्या माणसाचा श्वास असतो तसा.

मी फडका खाली ठेवला. मग माझ्या तोंडून आपसूकच निघालं, "पाठीचं सैल कर, बदका. आता कुणी बघत नाहीये."

डाग थांबला. आणि मग हळूहळू, पाखाच्या कडेपर्यंत, पसरला.