ओळख असू द्या

तो मोबाईलचा उजेड बंद करा, मग सांगतो. लाईट येईपर्यंत गच्चीवर दुसरं करणार तरी काय?

आपल्या खांदेश्वरच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर रणजीत राहायचा. साताऱ्याकडचा, वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात वजनकाट्यावर कामाला. तीन वर्षं झाली होती, तरी त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. खोलीवर गेलं की भिंतीच अंगावर यायच्या, म्हणून पोरगा संध्याकाळी बेलापूरला उतरून दिवाळे गावच्या जेट्टीवरच्या बाकावर बसायचा. तिथेच त्याला राजनंदिनी भेटली.

त्याआधी एकीने त्याला आठ महिने फिरवलं होतं. घर विचारलं की विषय बदलायची. शेवटी तिचं लग्न झालेलं निघालं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. राजनंदिनी मात्र चौथ्याच भेटीत म्हणाली, "चल, माझी मनी मांजर दाखवते. शेजारच्या खुर्शीदचाचींनाही भेट."

रणजीत मनातून विरघळला. ज्याला काही लपवायचं असतं, तो माणूस शेजाऱ्यासमोर नेऊन उभा करत नाही. शेजारी खरं-खोटं सांगून टाकतात. आणि ते आपल्यालाही पारखून घेतात, चेहरा लक्षात ठेवतात. तिने स्वतःला तपासायची सोय करून दिली होती, आणि त्याचीही तपासणी लावली होती. तिचा फोन बिघडलेला होता. नंबर फक्त त्यानेच दिला होता. घर दाखवल्यावर नंबराचं काय, असं त्याला वाटलं.

तो शुक्रवार होता. चाची दारात बसून सुकट निवडत होत्या.

"चाची, हा रणजीत," राजनंदिनी म्हणाली.

चाची तिच्याकडे न बघता त्याच्याकडे बघत राहिल्या. "कोन पाहिजे, बाला?"

"राजनंदिनीकडे आलोय. मी रणजीत."

चाचींचा हात सुकटीतच थांबला. मग त्यांनी गाव विचारलं, काम विचारलं, नंबर घेतला. बाई कडक आहे, पण तिच्यावर जीव आहे, असं त्याला वाटलं. पांढरी मनी दोघांच्या पायांत घोटाळत होती. राजनंदिनी किल्ली विसरली होती, म्हणून चहा राहिला.

सोमवारी, सतरा नोव्हेंबरला, तो मनीसाठी पावशेर सुका जवळा घेऊन निघाला. काम एवढंच. तिच्या जिन्याशी पोचला तेव्हा रात्रीचे नऊ वीस झाले होते. जिन्यातला दिवा गेलेला.

दाराला कुलूप होतं. कुलपावर गंज.

शेजारचं दार उघडलं. चाची म्हणाल्या, "सा महिने उशीर केलास."

"कशाला?"

"मे महिन्यात गेली ती. ताप होता. मला वाटलं गावाला गेली असंल, सांगून कधी जायची नाय. तिसऱ्या दिवशी मनी दाराशी ओरडाय लागली, तवा दार तोडलं." त्यांनी कुलपाकडे पाहिलं. "पोलिसांनी विचारलं, कुनाला कलवायचं? कुनीतरी स्कूटरवर नाक्यापर्यंत यायचा. नाव सांगितलं नाय कधी. 'वेल आली की आनीन वर', म्हनायची."

"चाची… तो मी नाही. मी तिला पंधरा दिवसांपूर्वी भेटलो."

चाचींनी दार आणखी उघडून त्याचा चेहरा नीट पाहिला.

"शुक्रवारी ती माझ्याबरोबर होती. तुम्ही पाहिलंत."

"शुक्रवारी…" चाचींचा आवाज बारीक झाला. "तू एकटा व्हतास, बाला. मी समजले, तोच आलाय, आता तरी आलाय. तवा सांगाय धीर झाला नाय."

"मग मनी…"

दोघांनी खाली पाहिलं.

मनी कुलपासमोर बसली होती. शेपूट ताठ. डोळे मिटलेले. पाठ वर उचलत होती… खाली घेत होती… पुन्हा वर.

कुणीतरी कुरवाळावं तशी.

जवळ्याची पुडी तिथेच पडली. तो तसाच खांदेश्वरला परतला. भीती होतीच, पण त्याहून वाईट वाटत होतं ते तिच्याबद्दल. आणि स्वतःबद्दलही. आपलं दार उद्या उघडलं नाही, तर कुणाला कळेल?

कुलपात किल्ली घालणार, तोच समोरचा दरवाजा उघडला. तीन वर्षांत ज्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता तो म्हातारा बाहेर आला.

"रणजीत ना तुम्ही?"

तो भिंतीला टेकला. "नाव कुणी सांगितलं?"

"मघाशी एक बाई आल्या होत्या. 'समोर रणजीत राहतो, एकटाच असतो. ओळख असू द्या,' म्हणाल्या. मी चहा विचारला तर नको म्हणाल्या."

"किती वाजता?"

"बातम्या लागल्या होत्या. नऊ वीस."

पोरांनो, तो म्हातारा मीच, पंढरी. रणजीत पुढे वर्षभर इथे राहिला. त्याचं दार मी रोज सकाळी वाजवायचो, एक दिवस चुकवला नाही. आता तो गावी असतो.

त्या रात्री ती बाई परत गेली तेव्हा मी दार लावून घेतलं होतं. ती माझ्या घरात आलीच नव्हती. पण आतल्या टेबलावर, माझ्या चष्म्याखाली, रणजीतचा नंबर लिहिलेला कागद होता. बाईच्या अक्षरात.

हा बघा. शाई अजून ओलीच लागते बोटाला.