खुलाशातलं अपुरं वाक्य

त्या दिवशी माझी नेहमीची जोडीदारीण तापाने घरी होती, म्हणून जीवाणूंच्या प्रात्यक्षिकाला सरांनी दुसऱ्या तुकडीतला एक मुलगा माझ्या शेजारी आणून उभा केला. त्याचं एक प्रात्यक्षिक बुडालं होतं, ते भरून काढायला आला होता. उंच, शांत... आणि अंगठा जांभळ्या रंगाने माखलेला.

"रंग काचपट्टीला द्यायचा असतो," मी म्हणाले.

"तिला दिलाय. उरला तो मला."

मला हसू आलं. मग आम्ही काचपट्टी धुतली, वाळवली. मी सूक्ष्मदर्शकात आधी दहाच्या, मग चाळीसच्या भिंगाखाली जीवाणू शोधले, तेलाचा थेंब टाकला आणि शंभरचं भिंग फिरवून काचपट्टीवर आणलं. इथून पुढे फक्त बारीक नॉब वापरायचा. मोठ्याला हातही लावायचा नाही, कारण भिंग आणि काच यांच्यात आता केसाएवढीच जागा असते. हे मला पाठ होतं.

तेवढ्यात तो म्हणाला, "तुझ्या गालावर जांभळा ठिपका पडलाय... राहू दे. छान दिसतोय."

मी मान वर केली. त्याच्याकडे बघतच राहिले... आणि हात सवयीने मोठ्या नॉबवर गेला. काचपट्टी ठेवलेला मंच वर सरकला. कट्‌ — एवढाच आवाज झाला.

काचपट्टी फुटली आणि भिंगाच्या टोकाची काच तडकली. प्रयोगशाळेतल्या काकांनी भिंग काढलं, तेल टिपलं, उजेडात उलटं धरून पाहिलं आणि डबीत ठेवलं. विभागातलं शंभरचं सगळ्यात चांगलं भिंग होतं ते. सरांनी सांगितलं, उद्या दुपारपर्यंत प्राचार्यांच्या नावे लेखी खुलासा, आणि निर्णय होईपर्यंत प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचं नाही. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. प्रात्यक्षिकं पुरी होऊन वहीवर सही झाली नाही, तर परीक्षेला बसता येणार नव्हतं.

ग्रंथालयात मी कागद पुढे घेऊन बसले, तर तो मुलगा समोर येऊन उभा राहिला. म्हणाला, नॉब त्याने फिरवला असं तो लिहून देतो.

"मोडलं मी," मी म्हणाले. "लिहिणारही मीच."

मग त्याने काकांकडून कळलेली गोष्ट सांगितली. मंच फार वर जाऊ नये म्हणून एक अडसराचा स्क्रू असतो, तो त्या यंत्रात सैल होता. तेच कारण लिही, असं त्याचं म्हणणं. मी त्याला सांगितलं, स्क्रू सैल होता हे लिहीनच, पण नॉब काही स्क्रूने फिरवला नाही.

'प्रति, माननीय प्राचार्य. द्वारा, विभागप्रमुख. विषय: सूक्ष्मदर्शकाचे भिंग तडकल्याबाबत खुलासा.' तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक, काय केलं ते क्रमाने. हजर कोण होतं ते. शेवटी: 'माझे लक्ष क्षणभर विचलित झाल्याने मी बारीक नॉबऐवजी मोठा नॉब फिरवला. चूक माझी आहे.' तीनदा खाडाखोड करून चौथा कागद स्वच्छ उतरवला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य मॅडमनी तो सावकाश वाचला. साक्षीदार म्हणून त्यालाही बोलावलं होतं. मॅडमनी एका वाक्याखाली रेघ ओढली.

"लक्ष विचलित झालं. कशाने? मोबाईल होता का हातात?"

"नाही, मॅडम."

"मग हे वाक्य अपुरं आहे. पूर्ण कर. इथेच."

माझे कान तापले. त्याने तोंड उघडलं, पण मॅडमनी हातानेच थांबवलं. 'सहाध्यायी बोलल्यामुळे' असं लिहिलं असतं तर सुटले असते... पण खापर त्याच्यावर फुटलं असतं. मी पेन घेतलं आणि लिहिलं: 'शेजारी उभ्या असलेल्या सहाध्यायाकडे पाहत राहिल्याने. त्याचे बोलणे संपले होते. पाहणे माझे होते.'

मॅडमनी वाचलं. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. कागद त्याच्याकडे सरकवून म्हणाल्या, "साक्षीदार म्हणून वाच, आणि पटत असेल तर सही कर."

चार ओळी वाचायला त्याला फारच वेळ लागला. मग त्याने सही केली. थोडी वाकडी आली.

मॅडमनी समासात शेरा लिहिला: नुकसान अनवधानाने झाले, परीक्षेस बसू द्यावे. मात्र विद्यार्थिनीने काकांसोबत प्रत्येक सूक्ष्मदर्शकाचा अडसर तपासून नोंद द्यावी. त्याने विचारलं, मीही तपासू का? मॅडम म्हणाल्या, लक्ष कामात राहणार असेल तर.

आम्ही बाहेर आलो. जिन्यापाशी तो म्हणाला, "माझी साक्षही अपुरीच होती. मी तर त्या तासाच्या सुरुवातीपासून बघत होतो."

मी जिन्याकडे बघत विचारलं, "किती सूक्ष्मदर्शक आहेत रे आपल्याकडे?"

"सतरा. रोज एक तपासू या."

"रोज तीन. परीक्षा तोंडावर आहे."

"आणि परीक्षा संपल्यावर?"

मी थांबले, वळले, आणि या वेळी मुद्दामच त्याच्याकडे पाहिलं.

"परीक्षा संपल्यावर... लक्ष विचलित झालं तरी माझी हरकत नाही."