सात टाके

ती दोरा आणायला गेली होती, इतकंच. डाळिंबी रंगाचा रेशमी दोरा, एक रीळ. दुकानदाराने नेहमीसारखं विचारलं, "देवीचं वस्त्र का, ताई?" आणि तिने नेहमीसारखं हसून "हो" म्हणायच्या ऐवजी रीळ पिशवीत टाकलं आणि सुटे पैसेही न घेता बाहेर पडली. दुकानदार मागून हाका मारत राहिला. वीस वर्षांत बाईने कधी सुटे सोडले नव्हते, त्यामुळे त्यालाही जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

गल्लीच्या टोकाला देऊळ, मधोमध तिचं शिवणाचं दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या. देवीचं वस्त्र शिवायचं काम आईकडून तिच्याकडे आलेलं. आईचा एक नियम होता. पहिला टाका घातल्यापासून शेवटची गाठ मारेपर्यंत ती सुई दुसऱ्या कशालाही लावायची नाही. बटण निघो, पडदा फाटो, त्यासाठी दुसरी सुई. आई हे सांगायची तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे शब्द चावून बाहेर यायचे आणि दुप्पट लागायचे. ती थोरली, तिने तो नियम वीस वर्षं पाळला. धाकटी बहीण मात्र शिवणात अगदी ढ. ती गाठ नेहमी कापडाच्या वरच्या बाजूला मारायची. "अगं, गाठ आत लपवायची असते," आई ओरडायची. धाकटी म्हणायची, "लपवायचं काय त्यात? मारलीय तर दिसू दे."

त्याच धाकटीसाठी तिने नियम मोडला.

ती इस्पितळात होती. पोटातलं दुखणं, फार पुढे गेलेलं. थोरली तिच्या उशाशी बसून वस्त्राची तुरपाई करायची, म्हणजे काम रखडायला नको आणि बहीणही एकटी नको. एका दुपारी धाकटीच्या इस्पितळी झग्याची खांद्यावरची शिवण उसवली. झगा सारखा घसरायचा. डॉक्टर यायची वेळ झाली होती.

"दोन टाके घाल ना... लाज वाटते गं मला," ती म्हणाली.

दुसरी सुई घरी राहिली होती. थोरलीने हातातलीच सुई, तोच डाळिंबी दोरा त्या पांढऱ्या झग्याला लावला. सात टाके घातले आणि गाठ आत दडवली. तिसऱ्या दिवशी धाकटी गेली.

स्वप्नं सुरू झाली त्यानंतर आठवड्याने. पहाटेच्या सुमारास पडायची. स्वप्नात थोरली दुकानातच असे. शिवणयंत्राचं चाक आपोआप फिरत असे, आणि त्याच्या तेलाच्या वासात इस्पितळातल्या फिनेलचा वास मिसळलेला असे. मग बाहेरून रेशमाची सळसळ येई. देवी दारातून आत येई, दारापेक्षा उंच, वाकून. अंगावर अर्धवट वस्त्र, एक खांदा उघडा. डोळे लाल. ओठ घट्ट मिटलेले आणि त्यांत टाचण्यांची रांग.

"माझी सुई... कुणाला लावलीस?"

थोरली उत्तर द्यायला तोंड उघडे, तर तिच्याच तोंडात टाचण्या. देवी तळहात पुढे करी.

"सात टाके... परत दे."

जाग आली की जिभेवर लोखंडाची चव असे. उजाडेपर्यंत ती भिंतीला टेकून बसायची. मग झोपायचीच भीती वाटू लागली. चहावर चहा पिऊन ती झोप टाळायची, आणि कधी डोळा लागलाच तर स्वप्न आधीपेक्षा गडद होऊन यायचं. त्या दिवशी आणलेलं रीळ आणि अर्धवट वस्त्र कपाटात पडून होतं. देवीला ते नेसवायचा दिवस पंधरवड्यावर आला होता. सुई हातात घेतली की ती पुन्हा खाली ठेवायची. आपण हात लावला तर वस्त्रही बाटेल, असं तिला वाटू लागलं होतं. पुजारीबुवांना जाऊन सांगायचं, दुसरी कोणी शोधा, असं तिने मनाशी जवळजवळ ठरवलं होतं.

अशात एका सकाळी गल्लीतल्या नर्सबाई दुकानात आल्या. बाही सैल करून हवी होती. बाईंनी मनोरुग्णांच्या वॉर्डात तीस वर्षं काढली होती आणि निवृत्तीनंतरही त्यांची नजर निवृत्त झाली नव्हती. माप घेताना त्या म्हणाल्या, "दंड माझा मोजतेयस, पण हात तुझा कापतोय. किती दिवस झोप नाही?"

तिने सगळं सांगितलं. सांगताना दोनदा मागे दाराकडे बघितलं.

नर्सबाईंनी आधी एकच गोष्ट विचारली, अगदी सरळ. "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का? खरं सांग. तसं असेल तर आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जाऊ, मी बरोबर येते."

"नाही हो. मला जगायचंय. झोपायचंय... आणि काम पुरं करायचंय."

"मग ऐक. झोप टाळू नकोस. स्वप्नाची झोप तुंबली की ती पुढे जास्त जोराने येते, आणि पहाटे तर तिचाच अंमल असतो. दिवसभर जो विचार दाबतेस तोही तिथेच वर येतो. आता सांग, डॉक्टरांनी आशा नाही असं कधी सांगितलं?"

"आठ दिवस आधी."

"कशाच्या आधी?"

तिने हातातली मापाची पट्टी गुंडाळली. मग हळूच म्हणाली, "टाक्यांच्या."

"बघ. मनाने क्रम उलटा लावलाय. आपल्या हातात काहीच नव्हतं, हे मनाला सोसत नाही. त्यापेक्षा आपली चूक होती, हे त्याला सोपं वाटतं. वॉर्डात किती जणांना देव रागावलेले दिसायचे. नवस राहिलेले, उपास मोडलेले... ज्याला कशाची काळजी नाही त्याला असं स्वप्न पडत नाही बाई. तुझी श्रद्धा गेली असती तर तू घोरत पडली असतीस."

ती कितीतरी दिवसांनी हसली, अर्धवटच.

"आता घरचा अभ्यास," नर्सबाई म्हणाल्या. "भर दिवसा वहीत स्वप्न लिही. मग त्याचा शेवट बदल. तुला हवा तसा. आणि रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून तो नवा शेवट बघ. जुना नाही, नवाच. एका दिवसात जाणार नाही, पण बहुतेकांच्या स्वप्नांचा जोर कमी होतो. नाहीच झाला तर डॉक्टर आहेत. आणि तुझ्या देवळातल्या माणसालाही विचार. देवाचा प्रश्न आहे, एकट्या नर्सने सोडवू नये."

दुपारी ती देवळात गेली. पुजारीबुवा समईची वात सारखी करत होते. तिने चूक कबूल केली, एकही शब्द न गाळता.

बुवांनी शांतपणे ऐकलं. "नियम मोडला, खरं आहे. तो तुझ्या आईने घातलेला, पण तू मानलास म्हणजे तुझा झाला. बोच राहणारच. पण इकडे ये." त्यांनी समई उचलून मूर्तीजवळ धरली. "हा चेहरा बघ. दगड आहे, कधी बदललेला नाही. डोळे खाली, ओठ जरा विलगलेले. तुला स्वप्नात दिसतो तो हाच चेहरा का?"

ती बघत राहिली. वीस वर्षं तिने या देवीचे खांदे, कंबर, उंची मोजली होती. चेहऱ्याकडे मात्र नमस्कारापुरतंच पाहिलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "तिचे ओठ मिटलेले असतात. टाचण्या धरून..." आणि ती थांबली. टाचण्या धरणारे ओठ तिने आयुष्यात एकाच माणसाचे पाहिले होते.

"आई," ती पुटपुटली, आणि तिला रडू कोसळलं.

बुवांनी रडू दिलं. मग म्हणाले, "देवीला उघडा खांदा झाकलेला आवडत असेल, की झाकणारीचा राग येत असेल, हे तूच ठरव. आणि चुकीची भरपाई म्हणून वस्त्र पुरं कर. सोडून देणं ही भरपाई नव्हे."

त्या संध्याकाळी तिने वही काढली. घाबरत का होईना, पण निर्धाराने लिहिलं: देवी आत येते. मी उठते. मी म्हणते, बसा. मी तिच्या ओठांतल्या टाचण्या एकेक काढून डबीत ठेवते. मग तिच्या उघड्या खांद्याला सात टाके घालते.

रोज दुपारी ती हे पंधरा मिनिटं बघायची आणि मग वस्त्र शिवायला बसायची. बोटं थरथरायची, थरथरू देत म्हणायची. पहिले चार दिवस पहाटे तेच स्वप्न. पाचव्या दिवशी देवी आली, पण गप्प होती. आठव्या दिवशी स्वप्नात तिला उठता आलं. टाचण्या एकेक निघाल्या. शेवटची निघाली तेव्हा ओठ विलगले, जरासेच. देवी पाठ करून बसली. हिने सुई ओवली, तेवढ्यात मागून कोणीतरी हळूच ती हातातून काढून घेतली.

"तू राहू दे गं... माझं मी करते."

जाग आली तेव्हा लख्ख उजाडलं होतं. जिभेवर लोखंडाची चव नव्हती. खोलीत फिनेलचा अगदी पुसट वास होता, पण भाचीने, धाकटीच्या लेकीने, काल फरशी पुसली होती, त्याचाच असणार. तिने खिडकी उघडली आणि पोटभर चहा-पाव खाल्ला.

ठरल्या दिवशी वस्त्र तयार झालं. शेवटची गाठ तिने स्वतःच्या हाताने मारली, आत दडवून. बुवांनी ते देवीला नेसवलं आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं.

"सुरेख झालंय. फक्त डाव्या खांद्यावर... हे मुद्दाम का?"

"काय?"

"हे टाके. आणि गाठ वर आलीय."

ती जवळ गेली. डाव्या खांद्यावर, जिथे जोड नव्हता आणि शिवणही नको होती, तिथे डाळिंबी दोऱ्याचे टाके होते. वेडेवाकडे, तिरके. तिने मोजले. सात. आणि शेवटी वरच्या बाजूला टपोरी गाठ, कुणालाही दिसावी अशी.

"उसवून देऊ का?" बुवांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "असू दे. दिसू दे."

घरी येऊन तिने कपाटाच्या तळातली पिशवी ओढली. धाकटीचे इस्पितळातले कपडे तिने स्वतः त्या पिशवीत भरले होते आणि तोंड सुतळीने आवळून बांधलं होतं. सुतळी तशीच होती. तिची स्वतःची गाठ, आतल्या अंगाला दडवलेली. ती सोडवायला तिला दात लावावे लागले.

पांढरा झगा घडी घातलेलाच निघाला. खांद्यावरची शिवण उसवलेली होती. कापडात सुईची बारीक भोकं ओळीने दिसत होती. दोरा नव्हता, त्याचा तुकडाही नव्हता. तिने त्या भोकांवरून बोट फिरवलं. बाकी सगळा झगा कपाटातल्यासारखा गार होता, तेवढी ती जागा मात्र कोमट होती.