दोनशे चौदाची दुसरी किल्ली

जगाची तारीख रात्री बाराला बदलते, हॉटेलची मात्र तो बटण दाबेल तेव्हा. रात्री तीनच्या सुमाराला तो दिवसभराचा हिशोब जुळवायचा, आले नाहीत त्यांची बुकिंगं बाद करायचा आणि मग कॉम्प्युटरला सांगायचा की काल संपला. तोवर सगळे पाहुणे कालमध्येच झोपलेले असत. अकरा वर्षं रात्रपाळीला काउंटरवर बसून तो हे करत होता. दिवसपाळीचा रिसेप्शनिस्ट त्याला घुबडराव म्हणायचा, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. घुबडाला निदान कोणी उजेडात बोलावत नाही.

आज मात्र त्याला उजेडात जायचं होतं. काल दुपारी बायकोचा फोन आला होता. "मी उद्या आठच्या गाडीनं ताईकडे चालले. परत यायचं नाही असं ठरवलंय. बोलायचं असेल तर त्याआधी घरी या." भांडली नाही, रडली नाही. गेले चार दिवस दिवसपाळीचा माणूस रजेवर होता आणि हा दोन्ही पाळ्या ओढत इथंच दोनशे चौदामध्ये झोपत होता. पण चार दिवसांचं काय घेऊन बसलात? सुट्टीच्या दिवशीसुद्धा तो काहीतरी निमित्त काढून हॉटेलवर यायचा. पाहुण्यांशी काय बोलायचं ते त्याला तोंडपाठ होतं. घरी काय बोलायचं, ते कोणी शिकवलंच नव्हतं.

फोन ठेवल्या ठेवल्या त्याने दोनशे चौदातलं आपलं सामान काढलं आणि खोली साफ करून घेतली. खोली आज दुपारी बारापर्यंत त्याच्या नावावर होती, पण त्याने एक दिवस आधीच सोडली. पावणेसातला दिवसपाळीचा येईल, दहा मिनिटांत त्याला सगळं समजावून सांगायचं, आणि साडेसातच्या आत घर. रात्रभर तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. पहिलं वाक्य जमत होतं, दुसऱ्याला गाडी अडत होती.

पाच वाजून पाच मिनिटांनी काचेचं दार सरकलं आणि एक बाई आत आल्या. साठीच्या, खांद्याला एक बॅग, केसांवर धुक्याचा ओलावा. धुक्यामुळे त्यांचं विमान भलत्याच शहरात उतरवलं होतं, म्हणजे इथं. रात्रभर विमानतळाच्या खुर्चीत बसून त्यांची पाठ धरली होती. पुढचं विमान दहाला.

"दोन तास पाठ टेकायला मिळाली तरी पुरे," त्या म्हणाल्या. "चार हॉटेलं पालथी घातली. सगळीकडे दिवे चालू आणि माणसाचा पत्ता नाही. तुम्ही दिसलात, बरं वाटलं."

त्याच विमानातल्या लोकांनी हॉटेल मध्यरात्रीच भरून गेलं होतं. एकच खोली मोकळी होती, त्याने काल सोडलेली दोनशे चौदा. त्याने त्यांचं ओळखपत्र घेऊन प्रत काढली, नोंदणीचा कागद पुढे केला, सही कुठे करायची तिथे पेनाने फुली मारली. आठला उठवायचा फोन लावून ठेवला. मग किल्लीचं कार्ड यंत्रावर ठेवलं. पडद्यावर रोजचा प्रश्न आला: नवीन की डुप्लिकेट?

नवीन पाहुण्याला नवीन किल्ली. ती दाराला पहिल्यांदा लागली की कुलूप आधीच्या सगळ्या किल्ल्या विसरतं. डुप्लिकेट दिली तर जुनीही चालू राहते. हे त्याने कितीतरी नवशिक्यांना शिकवलं होतं. पण चार दिवसांत त्याने स्वतःसाठी त्या खोलीची डुप्लिकेट दोनदा काढली होती, कार्ड आत विसरायची त्याला खोडच होती. हात सवयीने तिकडेच गेला. मन घरच्या दुसऱ्या वाक्यात होतं.

बाई लिफ्टने वर गेल्या. तो नाश्त्याची यादी छापायला वळला.

पाच अठ्ठावीसला त्या जिन्याने खाली आल्या. हातात पाण्याचा रिकामा ग्लास. काउंटरपाशी उभ्या राहून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"तुम्ही आत्ता वर आला होतात का?"

"नाही बाई. का?"

"मी बॅग ठेवली आणि पाणी आणायला पॅसेजच्या टोकाला गेले. परत येऊन दार उघडलं, तर आत एक गृहस्थ. पलंगाच्या कडेला, बूट घालून बसलेले." त्यांनी ग्लास काउंटरवर ठेवला. "दचकले नाहीत की काही नाही. म्हणाले, झालं, निघतोच. घरी वाट बघतायत." मग त्यांनी विचारलं, "तुमचे भाऊ इथं काम करतात का?"

"मला भाऊ नाही," तो म्हणाला.

एकच खोली दोघांना देणं हे त्याच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप. त्याने घाईघाईने पडदा पाहिला. दोनशे चौदा बाईंच्याच नावावर. आणि मग किल्लीच्या नोंदीत ती ओळ दिसली: डुप्लिकेट. म्हणजे जुनं कार्ड अजून दुपारी बारापर्यंत चालत होतं. पण जुनं कार्ड कोणाकडे होतं? त्याच्याचकडे; दोन्ही डुप्लिकेट त्याने काल खोली सोडतानाच पुसून टाकल्या होत्या. त्याने कोटाच्या खिशात हात घातला. कार्ड तिथेच होतं.

बाईंना सोफ्यावर बसवून, अंगावर ब्लँकेट देऊन तो वर गेला. दोनशे चौदाच्या दारावर टकटक केली. "रिसेप्शन." उत्तर नाही. आत नळ चालू होता. त्याने सगळ्या खोल्यांना चालणारं मास्टर कार्ड लावलं. हिरवा दिवा लागला तर दार उघडतं, लाल लागला तर कार्ड चुकलं. दिवा पिवळा लागला. पिवळा म्हणजे आतून बोल्ट लावलाय. आतून बोल्ट फक्त माणूस लावू शकतो.

नळ बंद झाला. कोणीतरी घसा साफ केला आणि हळू आवाजात बोलायला लागलं, एखादं वाक्य पुन्हा पुन्हा घोकून बघावं तसं. शब्द कळत नव्हते. थोड्या वेळाने तो आवाज पुढच्या वाक्यावर गेला.

तो खाली आला. बोल्टलाही न जुमानणारं आपत्कालीन कार्ड तिजोरीत मोहोरबंद पाकिटात असतं. ते फोडलं तर वहीत वेळ, कारण आणि सही लागते. त्याने वेळ लिहिली, पाच बेचाळीस. कारणाच्या रकान्यात पेन जरा अडखळलं. शेवटी लिहिलं: पाहुण्याची बॅग आत. कुलपातली नोंद वाचायचं छोटं यंत्रही बरोबर घेतलं.

दार उघडलं. खोली रिकामी होती.

खिडकी वीतभरच उघडते, सगळ्याच खिडक्या तशा आहेत. बाईंची बॅग खुर्चीवर जशीच्या तशी होती. पलंगाची कडा दबलेली. बाथरूममध्ये टॉवेल ओला, आणि आरशावरची वाफ नुकती कुठे विरत होती.

त्याने यंत्र कुलपाला लावलं. पाच अठरा, बाईंचं कार्ड. पाच बावीस, पहिलं कार्ड. पाच पंचवीस, बाईंचं कार्ड. पाच सव्वीस, आतून बोल्ट. पाच तेहेतीस, मास्टर. पाच सत्तेचाळीस, आपत्कालीन.

पहिलं कार्ड म्हणजे त्याचं. पाच बावीसला तो खाली नाश्त्याची यादी छापत होता. त्याला ते पक्कं आठवत होतं. पण शपथ घ्यायला बोलावलं असतं, तर साक्षीला कोणीच नव्हतं. अकरा वर्षांत त्या वेळी त्याला कोणी पाहिलेलंच नव्हतं.

बॅग घेऊन तो खाली आला. "खोलीत कोणी नाही," तो म्हणाला. "हवं तर मी सोबत येतो वर."

"नको. इथंच बरी आहे." बाईंनी ब्लँकेट ओढून घेतलं. "भीती नाही वाटली हो त्यांची. फार एकटे वाटले. घरी जायला निघालेला माणूस असा दिसत नाही, एवढंच." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले.

त्यालाही भीती वाटत नव्हती, निदान हवी तशी. फक्त घरी जायची घाई वाटत होती, आणि त्या घाईला कसला तरी उशीर झाल्यासारखं वाटत होतं.

पावणेसातला दिवसपाळीचा आला. दारातच थबकला.

"घुबडराव! तुम्ही इथं कसे?"

"म्हणजे? मी कुठं असणार?"

"अहो, सहाच्या सुमाराला मी चहाला थांबलो होतो, तर समोरून तुम्ही स्कूटरवर. मी हात केला, तुम्ही बघितलंही नाही. म्हटलं, आज स्वारी लवकर सुटली." दिवसपाळीचा हसला. मग हसायचा थांबला. "परत कशाला आलात?"

तो मागच्या दाराने बाहेर गेला. त्याच्या जागेवर स्कूटर नव्हती. खाली तेलाचा ताजा थेंब होता. स्कूटरची किल्ली त्याच्या खिशात होती.

तो आत आला आणि काउंटरवरच्या फोनवरून घरचा नंबर फिरवला.

तीन रिंग.

"हॅलो," बायको दबक्या आवाजात म्हणाली.

"अगं, मी बोलतोय."

परक्या माणसाशी बोलतात तसा तिचा आवाज आला. "कोण? हॉटेलातून का? जरा हळू बोला हं. हे आत्ताच झोपलेत."

पाठ केलेली सगळी वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

"आठची गाडी..." तो कसाबसा म्हणाला.

"तेही सांगितलं होय ह्यांनी तुम्हाला?" ती हसली. ते हसणं त्याने किती वर्षांत ऐकलं नव्हतं. "नाही जात मी आता. आल्या आल्या हे समोर बसले आणि बोलायलाच लागले. इतकं बोलले, इतकं बोलले. मी भरलेली बॅग परत रिकामी केली."

त्याचे डोळे भरून आले. ती राहिली होती. त्याला एवढंच तर हवं होतं. आनंद झाला, आणि तो आनंद ठेवायला त्याच्याजवळ जागाच नव्हती.

"काही तातडीचं आहे का?" तिने विचारलं. "उठवू का ह्यांना?"

"नको," तो म्हणाला. "झोपू दे."

"बरं. मग उठल्यावर कोणाचा फोन होता म्हणून सांगू?"