ती. काका

सांगलीच्या विश्रामबागेत 'अनुवाणी' नावाचं केंद्र आहे. मरण पावलेल्या माणसाशी बोलायला तिथं येणाऱ्याला आधी चहा देतात आणि मग कोरे कागद आणि पेन. टंकलेलं चालत नाही, तोंडी सांगितलेलंही नाही. हाताने लिहिताना माणूस अडतो, खोडतो, आणि खरं काय ते बहुतेक वेळा खोडलेल्या जागेच्या आसपास सापडतं, असं केंद्राचं म्हणणं. शलाकाला ते पटलंही असतं, पण दिवसभर हॉस्पिटलच्या प्रवेश-कक्षात लोकांकडून अर्ज भरून घेऊन आलेल्या बाईच्या हातात पुन्हा पेन दिलं की तिला दुसरं काही सुचत नाही, फक्त मनगट दुखतं.

तिने लिहिलं, 'ती. काका'. आणि थांबली.

मनोहर शिंत्रे म्हणजे तिचे सावत्र वडील. शलाकाचे बाबा ती लहान असतानाच गेले. पुढे आईने शिंत्र्यांशी लग्न केलं आणि शलाकाला सांगितलं, "काका म्हण." ती काका म्हणाली, आणि ते गेल्या वर्षी जाईपर्यंत तेच म्हणत राहिली. काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तासगावच्या स्टँडवर दिवसभर माइकवरून गाड्या पुकारायचे, कुठून कुठे, कोणत्या मार्गे, कितव्या फलाटावर, सगळं व्यवस्थित. एवढी पूर्ण वाक्यं तिकडे खर्च झाल्यावर घरी त्यांच्याकडे अर्धीच उरत. "शलाके, ते आपलं... राहू दे. नंतर बोलू," हे त्यांचं ठरलेलं. घरातले सगळे त्यांची नक्कल करायचे, त्यांच्या देखत.

केंद्रातलं यंत्र गेलेल्या माणसाच्या आवाजात बोलतं; ते हे कसं करतं, हे केंद्रातल्या रेवती घोरपडे यांनी तिला समजावलं होतं. पत्र लिहायला मदत करणं हे रेवतीबाईंचं काम. रोज अनेकांचं रडणं ऐकून त्यांचा आवाज सपाट झाला होता, पण माणूस प्रेमळ. "त्यांचे फोनवरचे निरोप, घरगुती चित्रफिती, भाषणं, सगळं यंत्राला ऐकवलेलं असतं," त्या म्हणाल्या. "त्यावरून ते त्यांची ढब उचलतं. कुठल्या शब्दानंतर ते कुठला शब्द बोलले असते, याचा अंदाज बांधत जातं. पण अंदाजच हो. पत्राशिवाय ते पाऊसपाण्याच्या गप्पा मारेल. कुठलं बोलणं पुढं न्यायचंय ते त्याला पत्रातूनच कळतं."

"आणि अंदाज बांधता आला नाही तर?"

"तर गप्प बसायचं. त्याला आम्ही मौनमर्यादा म्हणतो. ती वरखाली करता येते; वर असली की खात्री नसताना ते बोलत नाही. बरेच जण खालीच ठेवतात, म्हणजे यंत्र काहीतरी बोलतंच."

त्या बऱ्याच जणांत शलाकाचा धाकटा भाऊ निनाद होता. काकांचा सख्खा मुलगा. काकांचं सगळं बोलणं यंत्राला देण्याची परवानगी त्यानेच दिली होती, आणि आठ महिने तो रोज संध्याकाळी घरून त्याच्याशी बोलत होता. आज तोच तिला गाडीतून घेऊन आला होता आणि बाहेर बाकावर बसला होता. "एकदा बोल गं तायडे," असं त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की शेवटी ती नाही म्हणायला दमली.

पत्र कसं लिहायचं तेही रेवतीबाईंनी सांगितलं. सगळा जन्म लिहायचा नाही. एकच बोलणं घ्यायचं, जे तुटलं ते. जागा कोणती, हातात काय होतं, ते नेमकं काय म्हणाले, तुम्ही काय म्हणालात आणि कुठे थांबलं. मग तुम्हाला पुढे काय म्हणायचं होतं, ते. "निकाल मागू नका," त्या म्हणाल्या. "माफ केलंत का, असं लिहिलंत की पुढचं सगळं पत्र त्या एकाच प्रश्नाभोवती फिरतं."

शलाकाचं तुटलेलं बोलणं एकच होतं. बाकीची सगळी जमेला धरून सोडून देता येण्यासारखी होती.

तिच्या लग्नाची पत्रिका. काका छापखान्यातून कच्चा मजकूर घेऊन आले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरला होता. वर 'कै. शशिकांत पोतनीस यांची कन्या', खाली निमंत्रक म्हणून श्री. व सौ. शिंत्रे. काकांनी कानावरची पेन्सिल काढली, कागदाच्या मधोमध टेकवली आणि म्हणाले, "शलाके, इथं एक... म्हणजे तुझी हरकत नसेल तर..." तेवढ्यात दूध उतू गेलं. ती गॅसकडे धावली. परत आली तेव्हा पेन्सिल पुन्हा कानावर होती. "राहू दे, नंतर बोलू," ते म्हणाले. पत्रिका तशीच छापली गेली.

त्या वाक्याचं उरलेलं अर्धं तिला हवं होतं. कदाचित त्यांना आपलं नाव वडील म्हणून हवं होतं. कदाचित कार्यालयाचा पत्ता चुकला होता. तिने त्यांना पुढे कधीच विचारलं नाही, कारण विचारलं आणि पत्त्याचंच निघालं तर हसं झालं असतं, आणि नावाचं निघालं तर काय केलं असतं, हे तिला आजही ठाऊक नव्हतं.

पहिलं पत्र तिने एका दमात लिहिलं. 'तुमच्या मनात तुमचं नाव घालायचं होतं का? मला तेव्हा ते सुचलं असतं तर मीच म्हटलं असतं. त्या दिवसापासून आपल्या दोघांत एक अवघडलेपण राहिलं, असं मला वाटतं.' असं बरंच. रेवतीबाईंनी कागद यंत्राच्या काचेखाली सरकवला.

पडद्यावर आधी एक प्रश्न आला. 'ती. म्हणजे तीर्थरूप की तीर्थस्वरूप?'

शलाका बघत राहिली. शाळेत शिकवलेलं तिला लख्ख आठवत होतं. तीर्थरूप फक्त जन्मदात्या आईवडिलांना, बाकी सगळ्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. म्हणून तर होस्टेलवरून लिहिलेल्या प्रत्येक पत्रात तिने नुसतं 'ती.' लिहिलं होतं. एक टिंब दिलं की दोन्ही साधत होतं आणि कुणाला दुखवायचा प्रश्न येत नव्हता. इतक्या वर्षांत तिला कुणी त्याचा खुलासा मागितला नव्हता.

"हे का विचारतंय?"

"नात्यावरून बोलणं बदलतं ना," रेवतीबाई म्हणाल्या.

"ठेवा तीर्थस्वरूप. नियमाने तेच बरोबर."

आणि मग काका बोलले. तोच आवाज, किंचित घोगरा, वाक्याच्या सुरुवातीला घसा साफ करणारा. "शलाका, तुझ्या बाबांचं नाव काढावं असं माझ्या मनात कधीच नव्हतं. खाली वडील म्हणून माझंही नाव यावं, एवढंच वाटलं होतं. पण तुला ते सुचलं नाही यात तुझी काही चूक नाही. आपल्यात जे अवघडलेपण राहिलं, ते आज संपलं असं समज."

तिचे डोळे भरून आले. हेच तर ऐकायला ती आली होती. रेवतीबाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. शलाकाने एक घेतला, डोळ्यांना लावला आणि तसाच धरून ठेवला.

"अवघडलेपण," ती म्हणाली.

"काय?"

"हा शब्द काकांचा नाही. ते म्हणायचे, 'मी कानकोंडा झालो.' अवघडलेपण मी लिहिलंय. सुचलं नाही, हेही माझंच. आणि त्यांनी एवढी वाक्यं एकापुढे एक कधी पुरी केली नाहीत, घरात तरी." तिने कागद मागून घेतला आणि वाचला. सगळं तिथं होतं. यंत्राने तिचंच पत्र काकांच्या आवाजात घडी घालून परत दिलं होतं.

रेवतीबाईंनी ते नाकारलं नाही. "विषयावर त्यांचं स्वतःचं बोलणं नसेल आणि मर्यादा खाली असेल, तर ते पत्रातूनच घेतं. घेणार कुठून दुसरं? भावाने तुमच्या खात्यालाही त्याचीच मर्यादा लावलीय." त्यांनी रुमालांचा डबा परत जागेवर ठेवला. "बहुतेकांना एवढं पुरतं. मी सांगायला जात नाही."

शलाका रागावली नाही. रागवायला लागतो तेवढा जोर उरला नव्हता. तिने दुसरा कागद घेतला, आणि या वेळी वरचा शब्द टिंब न देता सबंध लिहिला: तीर्थरूप काका. व्याकरणाच्या बाईंनी तांबडी रेघ मारली असती. मारू दे. पेन हातात धरायला ज्यांनी शिकवलं त्यांना काय लिहायचं, ते आता तिचं तिला ठरवायचं होतं.

खाली तिने फक्त घडलं तेवढं लिहिलं. टेबल, कच्चा मजकूर, कानावरची पेन्सिल, त्यांचे शब्द जसेच्या तसे, दूध. त्यांच्या मनात काय असेल याचा एकही अंदाज नाही. शेवटी तिचं म्हणणं: 'तुम्ही काय विचारणार होतात ते मला माहीत नाही. पण जे काही होतं, त्याला माझी हरकत नव्हती. हे मी गॅस बंद करून परत आल्यावर म्हणायला हवं होतं. आता म्हणते. तुमची शलाका.'

सही करून तिने पाठ मागे टेकली. खरं तर इथंच काम झालं होतं, हे तिला जाणवलं. तिचं अर्धं वाक्य तिने पुरं केलं होतं. त्यांचं अर्धं त्यांच्याबरोबर गेलं होतं.

"मर्यादा वर घ्या," ती म्हणाली.

रेवतीबाईंनी घेतली. पत्र काचेखाली गेलं. मग पडद्यावर एक ओळ उमटली: 'या विषयावर मनोहर शिंत्रे यांचे पुरेसे बोलणे उपलब्ध नाही.'

म्हणजे त्यांनी हे कुणाजवळही बोलून दाखवलं नव्हतं. निदान फोनवर तरी कुणाकडे नाही, चित्रफितीत नाही. शलाकाला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी काका बऱ्याच दिवसांनी जवळ आल्यासारखेही वाटले. हे गप्प बसणं मात्र अगदी त्यांचं होतं.

दार ढकलून निनाद आत आला. "झालं? बोलले ना? काय म्हणाले?"

तिने सांगायचं टाळलं असतं. घरी जाऊन वरणभात खाऊन झोपावं, एवढीच तिची इच्छा होती. पण निनादची नजर टेबलावरच्या दोन्ही कागदांवरून पडद्यावर गेली होती. त्याने ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"माझ्याशी तर असं कधीच झालं नाही," तो म्हणाला. "मी काहीही विचारलं तरी बोलतात. आमच्या शेवटच्या भांडणाबद्दलसुद्धा बोलले. म्हणाले, तुझं बरोबर होतं."

रेवतीबाईंनी पडद्याकडे तोंड फिरवलं. शलाकाने पहिलं पत्र त्याच्याकडे सरकवून म्हटलं, "मलाही आधी उत्तर मिळालं, पण माझ्याच शब्दांत," आणि निनादला तेवढं पुरेसं झालं. तो लहानपणापासून हुशार होता.

"माझ्या पत्रात मीच लिहिलं होतं तसं," तो हळूच म्हणाला. खुर्ची ओढून बसला. हात गुडघ्यांवर ठेवले, अगदी काका ठेवायचे तसे. "तायडे, मग आठ महिने मी रोज कुणाशी बोलतोय?"

ते यंत्र बंद कर असं सांगायचा तिला हक्क होता का, हे तिला ठाऊक नव्हतं. त्या भांडणाबद्दल निनाद यंत्राशी आठ महिने बोलला होता आणि तिच्याशी एकदाही नाही. तिनेही विचारलं नव्हतं. घरात सगळे काकांसारखेच झाले होते, नंतर बोलू म्हणणारे.

तिने उरलेले कोरे कागद बाजूला सारले.

"निनाद," ती म्हणाली, "तुमचं भांडण झालं होतं, ते कशावरून रे?"